मसाल्यात काय आहे ते छापा: कोल्हापूर जिल्ह्यातील फरसाण आणि तयार पदार्थ बनवणाऱ्यांना खुले पत्र

स.न.वि.वि.

गेल्या श्रावणातला एक प्रसंग आधी सांगते, कारण हे पत्र त्यामुळेच लिहिते आहे. दुपारी चारच्या सुमारास चहाबरोबर मी सासूबाईंपुढे वाटीत तिखट शेव ठेवली. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. त्यांनी चिमूटभर शेव तोंडात टाकली, चावली आणि थांबल्या. काही न बोलता उठून मोरीपाशी गेल्या आणि चूळ भरून आल्या. मग म्हणाल्या, "लसूण आहे गं यात." मी पाकीट उलटे करून पुन्हा वाचले. बेसन, खाद्य वनस्पती तेल, मीठ, मसाले. कोपऱ्यात हिरवा ठिपका. लसूण हा शब्द कुठेही नव्हता. दुसऱ्या दिवशी आक्कांनी उपवास केला. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण ते पाकीट दुकानात उभे राहून, वाचून मीच आणले होते.

आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. घर दिगंबर जैनांचे. आमचा चातुर्मास आषाढ शुद्ध चतुर्दशीला सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत चालतो. आमच्या मजल्यावरचे श्वेतांबर कुटुंब तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पाळते. कंदमूळ तर आक्का बाराही महिने खात नाहीत. या चार महिन्यांत त्यात पालेभाजीची भर पडते, म्हणजे मेथी, पालक तर नाहीच, पण कोथिंबीर आणि कढीपत्ताही नाही, कारण पावसाळ्यात पानांवर बारीक जीव फार असतात. सूर्यास्तानंतर अन्न नाही. ज्यांची व्रते याहून कडक असतात ते बाजारचे काहीच खात नाहीत. पावसाळ्यात दळलेले पीठसुद्धा तीन दिवसांच्या पुढे चालत नाही असे मानणारी घरे आमच्या नात्यात आहेत, त्यांना तुमच्या पाकिटाशी काही देणेघेणे नाही. हे पत्र आमच्यासारख्यांसाठी आहे. आम्ही घरी जमेल तेवढे करतो, पण मुलांच्या डब्याला, पाहुण्यांना आणि मी नोकरीवरून उशिरा आले की तुमचा माल घेतो. असे घर कोल्हापूर, जयसिंगपूर, इचलकरंजी, शिरोळ, हातकणंगले या पट्ट्यात गल्लोगल्ली सापडेल. तुमचे ते रोजचे गिऱ्हाईक आहे.

शेवेच्या त्या पाकिटावर ग्राहकांसाठी फोन नंबर होता. मी फोन केला. उचलणारा मुलगा सभ्य होता, त्याने सरळ सांगितले, "ताई, मसाला आम्ही तयार घेतो. त्यात काय असतं ते बघून सांगावं लागेल." तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला आणि त्याने गोदामातल्या मसाल्याच्या पोत्यावरची यादी मला वाचून दाखवली. मिरची, धने, मीठ, लसूण पावडर, कांदा पावडर, आमचूर, साखर. शेवेत हा मसाला साधारण चार टक्के पडतो असेही तो म्हणाला. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या पाकिटात आठ ग्रॅम. त्यातला लसूण दहावा हिस्सा धरला, तरी पाऊण ग्रॅमच्या आसपास. डोळ्यांना दिसणार नाही, नाकालाही पाकीट फोडताना कळणार नाही. सत्तर वर्षे लसूण न खाल्लेल्या जिभेला मात्र पहिल्याच घासाला कळला.

त्या मुलाने जे सांगितले त्यातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. शेव बनवणाऱ्यालाच माहीत नव्हते. माहिती त्याच्याच गोदामात होती, पोत्यावर छापलेली होती, पण पोत्यावरून पाकिटावर आली नव्हती. ती का आली नाही हे समजून घेण्यासाठी मी लेबलचे नियम वाचले. २०२० सालचे लेबलिंग आणि डिस्प्लेचे नियम आज लागू आहेत. त्यांत मला दोन वाटा दिसल्या. लसूण त्यांतूनच लपतो.

पहिली वाट अशी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने, प्रत्येकाच्या नावाने छापायची, हा मूळ नियम. पण काही घटकांना त्यांच्या जातीचे एकच नाव देण्याची मुभा आहे. मसाल्याच्या पदार्थांना आणि त्यांच्या अर्कांना नुसते 'मसाले' म्हणता येते. पाकिटावर इंग्रजीत 'स्पायसेस अँड कॉन्डिमेंट्स' असे दिसते ते हेच. लसूण स्पायसेस बोर्डाच्या मसाल्यांच्या यादीत आहे, जिरे-मिऱ्यांच्या शेजारीच. त्यामुळे जिरे जसे 'मसाले' या शब्दात मावते तसा लसूणही मावतो.

दुसरी वाट तयार मिश्रणाची. तुम्ही जो मसाला किंवा सीझनिंग विकत घेता, त्यात आधीच पाचसहा पदार्थ असतात. अशा मिश्रणाच्या पुढे कंसात आतले पदार्थ लिहावे लागतात. पण ते मिश्रण एकूण मालाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर आतली यादी देण्याचे बंधन नाही, फक्त त्यातली अ‍ॅडिटिव्ह सांगावी लागतात. फरसाणात हे प्रमाण पाचच्या आत असू शकते, त्या शेवेत ते चारच होते. म्हणजे ज्या पदार्थांत कांदा-लसूण असण्याची शक्यता सर्वात जास्त, नेमकी त्यांनाच ही सूट मिळू शकते.

कायद्यात तुमची काही चूक नाही, हे मला मान्य आहे. पण नियमाने तुम्हाला न सांगण्याची सूट दिली आहे, सांगू नका अशी सक्ती केलेली नाही. 'मसाले' या शब्दापुढे कंस करून 'मिरची, धने, लसूण पावडर' असे छापायला कोणाची परवानगी लागत नाही. पोत्यावरची यादी घ्या आणि तेवढे शब्द पाकिटावर घाला. तुमचा मसाला पुरवणारा बदलला की ती यादी पुन्हा मागून घ्या. माझी मुख्य मागणी एवढीच आहे.

हिरव्या ठिपक्याबद्दलही लिहायला हवे, कारण दुकानदार हमखास तो दाखवतात. "हिरवं आहे की वहिनी, शाकाहारीच आहे." ठिपका खरा आहे, पण तो मांस, मासे, अंडी यांच्यापुरता. बटाटा, लसूण, गाजर हे सगळे हिरव्याच ठिपक्याखाली येतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या वनस्पतीच आहेत. मधसुद्धा नियमानुसार मांसाहारी पदार्थांतून वगळलेला आहे, म्हणून मध घातलेल्या बिस्किटांवर हिरवा ठिपका असतो, आणि मध आमच्या घरात कधीच येत नाही. कंदमुळाचे कारण वेगळे आहे. कंद उपटला की अख्खे झाड जाते, आणि एका कंदात अनंत जीव असतात अशी आमची श्रद्धा आहे. त्याला ठिपका कोणत्याच रंगाने उत्तर देऊ शकत नाही. उत्तर फक्त घटकांच्या यादीत मिळते.

आता लक्ष्मीपुरीत किंवा महाद्वार रोडवर पाकीट हातात घेऊन मी काय बघते ते सांगते, म्हणजे तुमची यादी आमच्या बाजूने कशी दिसते ते तुमच्या लक्षात येईल. आधी मी 'मसाले', 'मिश्र मसाले', 'सीझनिंग' हे शब्द शोधते. त्यांच्यापुढे कंस नसेल आणि माल तिखट असेल तर पाकीट परत ठेवते. साध्या खाऱ्या शेवेत किंवा खाऱ्या डाळीत हा प्रश्न नसतो. यादीत मोजकी नावे असतात, तीही ओळखीची, म्हणून चातुर्मासात आमच्याकडे खारा माल जास्त येतो. टोमॅटो सॉस घेताना मी यादीच्या शेवटी जाते, कारण कांदा-लसूण पावडर असली तर तिथेच असते, अगदी कमी वजनाची म्हणून. लोणचे तर मी आता घेतच नाही, घरीच घालते.

त्यानंतर स्टार्च. नियमात रासायनिक बदल न केलेल्या कुठल्याही स्टार्चला नुसते 'स्टार्च' म्हणता येते. तो मक्याचा असू शकतो, बटाट्याचा असू शकतो, टॅपिओकाचा असू शकतो, आणि टॅपिओका म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कसावाचा कंद. बदल केलेल्या स्टार्चला आकडे असतात, १४२२ किंवा १४४२ असे. सूप, सॉस, पुडिंगच्या पावडरीत ते सर्रास दिसतात. तो स्टार्च कशापासून काढला ते मात्र त्या आकड्यातून समजत नाही. बहुतेक वेळा मका असेल असे मला वाटते, पण अंदाजावर आक्कांच्या ताटात काही वाढता येत नाही. 'स्टार्च'च्या आधी 'मक्याचा' एवढा एक शब्द छापलात तर माझ्यासारखी बाई ते पाकीट पिशवीत टाकेल.

काही आकडे मात्र सोपे आहेत आणि मी ते पाठच केले आहेत. १६२ म्हणजे बिटाचा रंग. शेवया, आइस्क्रीम, गुलाबी बर्फी यांवर तो दिसला की बीट आहे हे निश्चित. १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, तो आम्हाला चालतो. अ‍ॅडिटिव्ह रंग देण्यासारखे काम करत असतील तर छापावीच लागतात, पाच टक्क्यांची सूट त्यांना नाही, म्हणून इथे मला कोणाला फोन करावा लागत नाही.

हळदीवरून तुमच्यापैकी काही जण गोंधळात पडतात, हे मला त्या फोननंतर दोन-तीन उत्पादकांशी बोलताना जाणवले. हळद तर मूळच असते, मग ती कशी चालते, असे एकाने विचारले. प्रश्न रास्त आहे. ओली हळद आणि ओले आले आमच्याकडे वर्ज्य. वाळलेली हळकुंडे आणि सुंठ बहुतेक घरांत चालतात, कारण ती चिमटीने घ्यायची, औषधासारखी. पण वाळवले की सगळेच चालते असे नाही. बटाटा वाळवून केलेली पावडर, कांद्याची पावडर, लसणाची पावडर ही कितीही कोरडी असली तरी वर्ज्यच. म्हणून 'आले' आणि 'सुंठ' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळे छापा. नुसते 'जिंजर' लिहिले की मी अडकते. भुईमुगाच्या शेंगा जमिनीत येतात, पण त्या कंद नाहीत, शेंगदाणा सगळेच खातात. ज्याला जैन घरांसाठी माल करायचा आहे त्याला एवढे माहीत असले म्हणजे पुष्कळ झाले. पावसाळ्यासाठी कोणी खास माल काढत असेल तर कसुरी मेथी आणि कढीपत्ता टाळावा, आमच्याकडे मेथीचा खाकरा या चार महिन्यांत बंद असतो.

'नो ऑनियन नो गार्लिक' असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या पाकिटांविषयीही माझी तक्रार आहे. त्यात कांदा-लसूण नसतो हे खरे, पण बटाटा असू शकतो. गेल्या वर्षी असे एक मिक्स फरसाणाचे पाकीट मी आनंदाने घरी आणले आणि यादीत तिसऱ्या क्रमांकावर बटाट्याचे काप सापडले. वजनाच्या उतरत्या क्रमात तिसरा, म्हणजे चांगलाच भरपूर. ते वाक्य खोटे नव्हते, पण घाईत असलेली बाई ते वाचून 'जैन' समजते. 'जैन' हा शब्दही काही पाकिटांवर दिसतो, आणि एकाच्या जैनमध्ये ओले आले असते तर दुसऱ्याच्या जैनमध्ये नसते. वनस्पतीजन्य आहारासाठी, म्हणजे व्हीगन लोकांसाठी, २०२२ साली वेगळे नियम आले आणि त्यांचे चिन्हही ठरले. आमच्यासाठी तसे काही नाही, म्हणून तो शब्द वापरताना जबाबदारी सगळी तुमच्यावर येते. 'कंदमूळ नाही' असे लिहायचे असेल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळे, सुरण, ओले आले यांपैकी काहीच नाही, हे आधी स्वतः तपासा आणि मग लिहा. आणि शेव ज्या कढईत तळता त्याच तेलात आधी बटाट्याचे वेफर्स तळले असतील, तर तेही लिहा. काही घरांना ते चालेल, काहींना चालणार नाही, पण ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे.

हे सगळे अवघड नाही, याचा पुरावा कॉफीच्या पाकिटावर आहे. चिकोरी हे मूळ आहे, भाजून दळलेले. कॉफीत ती मिसळली असेल तर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे पाकिटावर छापावेच लागते. त्यामुळे आमच्याकडे कॉफी घेताना पाच सेकंद लागतात. सत्तर-तीस असे दिसले की ठेवून द्यायचे, शंभर टक्के कॉफी दिसली की घ्यायचे. दुकानदाराला विचारायला नको, फोन नको, तिसऱ्या दिवशीचे उत्तर नको. एका पदार्थात कायद्याने सांगितले म्हणून सगळे कारखानदार एक ओळ छापतात, त्यात त्यांचे काही बिघडलेले नाही. शेवेतल्या मसाल्यासाठी तीच ओळ तुम्ही आपणहून छापावी, असे माझे म्हणणे आहे.

भाषेचेही बघा. नियमानुसार माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरते, बरोबर दुसरी भाषा घालायला मोकळीक आहे. आक्का मराठी वाचतात, त्यांच्या माहेरी शिरोळकडे घरात कानडीही बोलली जाते, पण 'हायड्रोजनेटेड' आणि 'कॉन्डिमेंट्स' त्यांना कसे समजावे? तुमचा कारखाना कोल्हापुरात, गिऱ्हाईक कोल्हापुरात, पाकिटाच्या पुढच्या बाजूला 'अस्सल कोल्हापुरी झणझणीत' मराठीत, आणि मागची यादी तेवढी इंग्रजीत. पाठीवर जागा असते. घटकांची यादी मराठीतही छापलीत तर आक्का स्वतः वाचतील. त्यांना सुनेच्या डोळ्यांवर अवलंबून राहावे लागणार नाही, आणि याची किंमत त्यांच्या वयाच्या माणसाला किती वाटते ते मी रोज बघते.

कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला हा घराघराचा अभिमान आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या बहुतेक मैत्रिणींच्या घरी वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो आणि गल्लीभर त्याचा वास सुटतो. तुम्ही तो घालू नका असे मी म्हणत नाही. भडंगात लसूण नसेल तर ते कोणाला भडंग वाटणार नाही. फक्त तो आहे हे छापा, म्हणजे ज्याला हवा तो त्याच्यासाठीच घेईल आणि आम्ही पुढच्या फळीकडे वळू.

पावसाळ्यातच हे जास्त टोचते, त्याला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या पुरात इथल्या घरांनी पाहिले आहे की पाणी चढले की भाजी येत नाही, दूध येत नाही आणि घरात असेल त्यावर दिवस काढावे लागतात. तेव्हापासून आषाढ लागायच्या आधी मी पंधरा दिवसांचा कोरडा माल भरून ठेवते. पोहे, डाळे, शेंगदाणे, खाकरा, पापड, शेव. पूर आल्यावर पाकीट फोडून त्यात लसूण निघाला तर बदलून आणायला दुकान उघडे नसते. म्हणून ही तपासणी मला जूनमध्येच संपवावी लागते, आणि प्रत्येक नव्या बॅचला पुन्हा करावी लागते, कारण पाकिटाचा रंग तोच राहून आतली यादी बदललेली मी दोनदा पाहिली आहे. यादी बदललीत तर पुढच्या बाजूला 'घटक बदलले आहेत' एवढे तरी छापत जा.

मी एक वही ठेवली आहे. त्यात पाकिटाचे नाव, घेतल्याची तारीख, बॅच नंबर, 'मसाले'पुढे कंस आहे की नाही, आणि फोन केला असेल तर काय उत्तर मिळाले, असे लिहून ठेवते. आज त्यात एकतीस नोंदी आहेत. त्यांपैकी नऊ पाकिटांवर कंसात पूर्ण यादी होती, आणि ती नऊ आमच्याकडे नेमाने येतात. बाकीच्यांना मी फोन केले. काहींनी उत्तर दिले, काहींनी दिले नाही. शेववाल्या त्या मुलाने मात्र गेल्या महिन्यात आपणहून फोन करून सांगितले की पुढच्या छपाईत मसाल्याची यादी घालायचे त्यांच्या मालकांनी ठरवले आहे. ते नवे पाकीट बाजारात आले की मी त्याची नोंद वहीत करीन. तुमच्यापैकी कोणाला स्वतःच्या पाकिटाची नोंद बघायची असेल तर मी ती वाचून दाखवायला तयार आहे. येत्या आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या आधी छपाई होणार असेल तर कंसातल्या त्या चार शब्दांचा जरूर विचार करा.

जय जिनेंद्र.

आपली,
शुक्रवार पेठेतील एक ग्राहक, कोल्हापूर